आईचं अंथरूण एका गावी, भावंडं तीन गावी

समजा, साताऱ्यात ब्याऐंशी वर्षांची आई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळली आहे. धाकटी मुलगी तिच्याजवळ राहते, मुलगा पुण्यात आहे, थोरली मुलगी बंगळुरूत. सुरुवातीला तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आणि महिन्याभरात तो अपुरा पडतो. डॉक्टरांनी बदललेला डोस, डायपरचं बिल आणि मावशींचा मुलांसह शुभेच्छांचा फोटो एकाच ओळीत लागतात. जुनी चिठ्ठीही तिथेच असते, नवीही. ग्रुप बोलण्यासाठी राहू द्यावा, पण नोंद त्याच्याबाहेर हवी.

अमेरिकेत अशा कुटुंबांसाठी लॉट्सा हेल्पिंग हँड्ससारखी खास ॲप्स आहेत. ती इंग्रजीत आहेत, आणि रुग्णाजवळ दिवसभर असणाऱ्या मावशींना मराठीच सोयीची असेल, तर त्यांचा उपयोग थोडा. त्यापेक्षा गुगल फॉर्म बरा. त्यात मराठीत चारच प्रश्न ठेवावेत: नोंद कोण करतंय, कोणतं औषध दिलं, कुशीवर वळवलं का आणि कोणत्या, लघवी-शौच झालं का. उत्तरं बोटानं निवडायची. ती आपोआप शीटमध्ये जमा होतात आणि प्रत्येक नोंदीपुढे ती केल्याची वेळ उमटते.

ही वेळच फार मोलाची. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एअर मॅट्रेस असेल तर किती वेळाने, ते डॉक्टर किंवा नर्स सांगतात. सकाळी आठ, दहा आणि बाराच्या तिन्ही नोंदी रात्री नऊ वाजता पाठोपाठ आलेल्या दिसल्या, तर त्या आठवून भरल्या आहेत हे बंगळुरूत बसूनही कळतं. तेव्हा जाब विचारू नये, मदत विचारावी. बहुतेकदा जवळच्या माणसाला उसंतच मिळालेली नसते. टाच, माकडहाड, कंबरेची बाजू इथे लाली दिसली आणि बोटानं दाबूनही ती फिकी पडली नाही, तर बेडसोअरची ती सुरुवात असते. त्याचा फोटो त्याच दिवशी डॉक्टरांना जायला हवा.

औषधांसाठी मेडिसेफसारखं ॲप वेळेवर आठवण देतं, आणि डोस घेतल्याची खूण झाली नाही तर जोडलेल्या नातेवाइकाला कळवतं. पण खूण म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. म्हणून आठवड्यातून एकदा गोळ्या मोजाव्यात. एक तारखेला सकाळी तीस गोळ्या होत्या आणि रोज दोन द्यायच्या आहेत, तर दहा तारखेच्या रात्री दहा उरायला हव्यात. चौदा उरल्या, तर चार डोस चुकले.

औषधांच्या यादीला मात्र एकच मालक असावा. डॉक्टरांकडे प्रत्यक्ष जाणाऱ्या धाकटीकडेच शीट बदलण्याचा अधिकार ठेवावा, बाकीच्यांना फक्त पाहता यावी. बंद झालेलं औषध पुसू नये. त्यापुढे ‘बंद’ आणि तारीख लिहावी. रात्री दवाखान्यात धावायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना हीच माहिती लागते.

पैशांवरून मात्र सख्खी भावंडं दुरावतात. स्प्लिटवाइज या ॲपमध्ये खर्च समानच वाटायला हवा असं नाही, हिश्श्यांनीही वाटता येतो. आपल्या उदाहरणात घरी राहणाऱ्या मुलीचा एक हिस्सा आणि बाहेरच्या दोघांचे दोन-दोन धरू. महिन्याचा खर्च २७,००० रुपये झाला. पुण्याच्या भावानं मावशींचा पगार १५,००० दिला, धाकटीनं औषधं, डायपर आणि फिजिओथेरपीचे १२,००० भरले. पाच हिश्श्यांनी तिच्या वाट्याला ५,४०० येतात, इतर दोघांच्या प्रत्येकी १०,८००. म्हणजे बंगळुरूच्या बहिणीनं धाकटीला ६,६०० आणि भावाला ४,२०० द्यायचे. ॲप हे गणित करतं. हिस्से किती, हे ते ठरवत नाही. ते फोनवर एकत्र बोलून, पहिलं बिल येण्याआधी ठरवावं. धाकटीनं नोकरी सोडली असेल, तर तिचा हिस्सा शून्य धरणंही न्याय्यच आहे.

बिलांचे फोटो जपावेत. साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करप्रणालीत त्यांच्या उपचारांच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, आणि वजावट ज्यानं पैसे दिले त्यालाच.

उरतं गुगल कॅलेंडर. त्यात डॉक्टरांच्या भेटी आणि कॅथेटर बदलण्याच्या तारखा येतीलच. पण बाहेरगावच्या भावंडांनो, त्याआधी तुमच्या साताऱ्याला जाण्याच्या तारखा त्यात भरा, आणि त्या दिवसांपुढे लिहा: धाकटीची सुट्टी.