शोधनिबंधाचे पहिले पान

शोधनिबंधाच्या शीर्षकपृष्ठावर शीर्षकाखाली लेखकांची नावे ओळीने येतात आणि त्यांच्या खाली संस्थांचे पत्ते. नाव आणि पत्ता जोडण्याचे काम नावाच्या वर उजवीकडे लिहिलेले बारीक आकडे करतात. हे आकडे नावांच्या ओळीत संस्था ज्या क्रमाने प्रथम येतात त्या क्रमाने दिले जातात. संस्थेच्या मोठेपणाशी त्यांचा संबंध नसतो.

चार लेखकांचा एक निबंध घेऊ. पहिला आणि तिसरा लेखक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आहेत, दुसरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तर चौथा दोन्हीकडे. नावांची ओळ अशी होते:

पहिला लेखक¹†, दुसरा लेखक²†, तिसरा लेखक¹‡, चौथा लेखक¹,²*

पुण्याचा पत्ता १, मुंबईचा २. पत्त्यात आधी विभाग, मग संस्था, शहर, पिनकोड आणि शेवटी देश. तिसऱ्या लेखकाने काम पुण्यात केले, पण निबंध पाठवताना तो दुसरीकडे नोकरीला लागला असेल, तरी त्याच्या नावावर १ हाच आकडा राहतो. पत्ता काम झाले त्या संस्थेचा द्यायचा. नवी जागा ‡ या खुणेने ‘सध्याचा पत्ता’ म्हणून तळटीपेत येते.

फुली किंवा तारका म्हणजे करस्पॉन्डिंग ऑथर. निबंध पाठवण्यापासून तो छापून येईपर्यंत संपादकांशी आणि नंतर वाचकांशी पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी त्याची. त्यामुळे ईमेल असा द्यावा जो संस्था सोडल्यावरही चालू राहील. शिष्यवृत्ती संपताच बंद होणारा विद्यापीठाचा ईमेल इथे घातक ठरतो.

† ही खूण समान योगदानाची. तळटीप एवढीच: ‘या दोन लेखकांचे योगदान समान आहे.’ मात्र तिची मर्यादा दोघांनीही आधीच समजून घ्यावी. इतरांच्या संदर्भयादीत ही खूण जात नाही. तिथे पहिले नावच पहिले दिसते, आणि मजकुरात ‘अमुक व इतर’ लिहिताना दुसरे नाव गळते. म्हणून कोणाचे नाव आधी, हा प्रश्न तळटीपेने सुटत नाही; तो लेखनाला बसण्यापूर्वीच बोलून मिटवावा.

मराठी नावांची अडचण वेगळी आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव यांतले मधले नाव एका निबंधात असते, दुसऱ्यात नसते; लग्नानंतर आडनावही बदलते. मग सूचीमध्ये एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. नावाचे एकच रूप ठरवून ते कायम वापरणे आणि सोबत १६ स्थानांचा ओआरसीआयडी क्रमांक देणे, हा त्यावरचा उपाय.

सर्वांत जास्त चुका होतात त्या दुरुस्तीच्या फेरीत. एखादा लेखक मध्येच वाढला की आकडे सरकतात आणि पत्ते मात्र जुन्याच क्रमाने राहतात. पाठवण्यापूर्वी नावांवरचा प्रत्येक आकडा खाली सापडतो का, आणि खालचा प्रत्येक पत्ता वर कोणाला तरी लागू होतो का, हे एकदा बोट ठेवून तपासावे.