एक पत्ता, तीन संकेतस्थळं आणि दारातलं चौथं मशीन

समजा, नाशिकमधल्या एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात एकच दणकट संगणक आहे आणि त्यावर प्रॉक्समॉक्स बसवलेलं आहे. प्रॉक्समॉक्स एका संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक चालवतं. या आतल्या संगणकांना ‘गेस्ट’ म्हणतात. एका गेस्टवर नकाशांच्या फायलींसाठी नेक्स्टक्लाउड आहे, दुसऱ्यावर साइटच्या फोटोंसाठी इमिच आणि तिसऱ्यावर ऑफिसच्या नोंदींचं विकी. तिन्ही कामं वेगळ्या गेस्टमध्ये ठेवणं शहाणपणाचं आहे, कारण विकी बिघडलं तरी फोटो सुरक्षित राहतात आणि एकाचं अपडेट दुसऱ्याच्या मुळावर येत नाही.

अडचण बाहेरून यायच्या वेळी उभी राहते. ऑफिसला इंटरनेटवर मिळालेला सार्वजनिक पत्ता एकच असतो. सुरक्षित संकेतस्थळाची मागणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येते आणि राउटर ते पोर्ट आतल्या एकाच मशीनकडे वळवू शकतो. मग उरलेल्या दोघांनी काय करायचं? त्यांना ८४४३, ८४४४ असे पोर्ट देता येतात, पण असे पत्ते ग्राहकाला फोनवरून सांगणं त्रासाचं होतं आणि काही कंपन्यांच्या नेटवर्कवर हे पोर्ट बंदच असतात.

खरा मार्ग नावातून जातो. ब्राउझर मागणी पाठवताना कोणत्या नावाचं संकेतस्थळ हवं आहे तेही सोबत लिहून देतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांनी हे नाव देणं सक्तीचं केलं. मात्र सुरक्षित जोडणीत एक पेच होता. कोणाचं प्रमाणपत्र दाखवायचं हे संभाषण कुलूपबंद होण्याआधीच ठरवावं लागतं आणि नाव तर कुलपाच्या आत असतं. २००३ मध्ये ‘एसएनआय’ची व्याख्या झाली आणि जोडणीच्या पहिल्याच निरोपात नाव उघडपणे पाठवण्याची सोय आली. त्यामुळे सोसायटीच्या गेटवरचा रखवालदार ‘कोणत्या फ्लॅटला?’ एवढंच विचारून पाहुण्याला योग्य जिन्याकडे पाठवतो, तसं काम एक छोटं मशीन करू शकतं. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. आपल्या ऑफिसात ते चौथं गेस्ट ठरतं.

हे चौथं गेस्ट अगदी हलकं असतं. डेबियनचा एक छोटा कंटेनर आणि त्यावर ‘कॅडी’ हा प्रोग्रॅम एवढं पुरतं. याच कामासाठी एनजिनएक्स अधिक प्रसिद्ध आहे आणि उत्तमही आहे. तरी नवख्याला मी कॅडीच सुचवेन, कारण प्रमाणपत्र मिळवणं आणि मुदत संपण्याआधी त्याचं नूतनीकरण करणं तो स्वतःच सांभाळतो. प्रॉक्सीला 192.168.1.20 हा कायमचा पत्ता द्यायचा, राउटरवरून ८० आणि ४४३ हे दोन्ही पोर्ट त्याच्याकडेच वळवायचे आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये तिन्ही नावं ऑफिसच्या सार्वजनिक पत्त्याकडे रोखायची. मग `/etc/caddy/Caddyfile` या फायलीत एवढंच लिहायचं:

```
files.example.com {
    reverse_proxy 192.168.1.21:80
}
photos.example.com {
    reverse_proxy 192.168.1.22:2283
}
wiki.example.com {
    reverse_proxy 192.168.1.23:80
}
```

`systemctl reload caddy` दिलं की कॅडी प्रमाणपत्रं मागवायला लागतो. त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था बाहेरून त्याच नावाने दार ठोठावून बघते. म्हणून डीएनएस आणि राउटर आधी नीट लावायचे आणि कॅडी त्यानंतर सुरू करायचा. उलट क्रमाने गेलं तर पडताळणी पुन्हा पुन्हा फसते आणि काही काळ नवे प्रयत्नच नाकारले जातात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद जगाला खुल्या असलेल्या वहीत होते. `photos` हे नाव कोणाला सांगितलं नाही म्हणजे ते गुप्त राहिलं, असं समजून पासवर्ड ढिला ठेवू नये.

इथवरचं काम तासाभरात होतं. खरी काळजी घ्यावी लागते ती यानंतर, कारण मागच्या गेस्टला बाहेरचं जग आता थेट दिसत नाही. त्याच्याकडे येणारी प्रत्येक मागणी 192.168.1.20 वरून आणि साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीने येते. नेक्स्टक्लाउडचंच पाहा. त्याला नवं नाव सांगितलेलं नसेल, तर हे डोमेन विश्वासातलं नाही असं म्हणून ते पानच दाखवत नाही. हा दोष निदान लगेच दिसतो. दुसरा लपून राहतो. पासवर्ड वारंवार चुकला की नेक्स्टक्लाउड त्या पत्त्यावरून येणारं लॉगिन मुद्दाम संथ करतं. सगळे जण एकाच पत्त्यावरून येताना दिसत असतील, तर एका कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये साठलेला जुना पासवर्ड अख्ख्या ऑफिसचं लॉगिन रेंगाळवतो आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. त्यावरचा उपाय `config.php` मधल्या दोन ओळींत आहे:

```
'trusted_domains' => ['files.example.com'],
'trusted_proxies' => ['192.168.1.20'],
```

कॅडी प्रत्येक मागणीसोबत मूळ पाहुण्याचा पत्ता `X-Forwarded-For` या शीर्षकाखाली लिहून पाठवतो. दुसरी ओळ सांगते की ही चिठ्ठी 192.168.1.20 कडून आली तरच खरी मानायची. तिथे आळसाने संपूर्ण नेटवर्क लिहू नये. तसं केलं तर ऑफिसच्या वायफायवरचं कोणतंही यंत्र खोटा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पाठवू शकतं. याच कारणासाठी प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये तिन्ही गेस्टचे वेब पोर्ट फक्त प्रॉक्सीच्या पत्त्यालाच उघडे ठेवावेत. नाहीतर `http://192.168.1.22:2283` असं टाइप करून कोणीही प्रॉक्सीला वळसा घालून थेट आत पोहोचतो.

बिघाड कुठे आहे हे शोधायला क्रम लागतो. कोरं पान आणि ५०२ हा आकडा दिसला, तर प्रॉक्सी जिवंत आहे पण मागचं गेस्ट उत्तर देत नाही. अशा वेळी प्रॉक्सीच्या गेस्टमध्ये शिरून `curl -I http://192.168.1.22:2283` करून पाहावं. इथेही उत्तर आलं नाही, तर गेस्ट बंद आहे, त्याचा पत्ता बदललाय किंवा फायरवॉल आड येतेय. मोबाइल डेटावरून सगळं उघडतं आणि ऑफिसच्या वायफायवरून नाही, असं असेल तर दोष राउटरचा असतो. आतून निघालेली मागणी स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावरून परत आत वळवणं बऱ्याच राउटरना जमत नाही. त्यासाठी ऑफिसच्या अंतर्गत डीएनएसने या तिन्ही नावांना थेट 192.168.1.20 हे उत्तर द्यावं. नाव तेच राहतं, त्यामुळे प्रमाणपत्रही चालतं.

एक मर्यादा मात्र आतून सुटत नाही. भारतात बरेच ब्रॉडबँड पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर पोर्ट वळवून काहीच साधत नाही, कारण पाहुणा आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. मग पुरवठादाराकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरून वायरगार्डचा बोगदा प्रॉक्सीपर्यंत आणावा.

शिवाय प्रॉक्सी बंद पडला की तिन्ही संकेतस्थळं बाहेरच्यांसाठी एकदमच बंद होतात. म्हणून वीज जाऊन आल्यावर हे गेस्ट आपोआप सुरू व्हावं, असं प्रॉक्समॉक्समध्ये नेमून ठेवावं. बॅकअप घेताना `Caddyfile` सोबत `/var/lib/caddy` हा फोल्डरही घ्यावा. प्रमाणपत्रं आणि त्यांच्या किल्ल्या तिथेच असतात आणि त्या हाताशी असल्या की नवं गेस्ट उभं करायला काही मिनिटंच लागतात.