बारा विधानं, एकच गोष्ट

दोन वडापाव आणि एक चहा यांचे ५० रुपये झाले. एक वडापाव आणि दोन चहा यांचे ४० झाले. तर वडापाव केवढ्याला आणि चहा केवढ्याला? दहावीतलं कुणीही सांगेल: वडापाव २०, चहा १०.

आता दुसरं बिल बदलू. चार वडापाव आणि दोन चहा, १०० रुपये. या बिलातून नवीन काहीच कळत नाही, कारण ते पहिल्या बिलाची दुप्पट आहे. वडापाव २० आणि चहा १० चालतो, तसाच वडापाव १५ आणि चहा २०सुद्धा चालतो. आणि हेच दुसरं बिल ९५ रुपयांचं निघालं तर? मग कुठलेच दर जुळणार नाहीत. दुप्पट माल घेतल्यावर दुप्पट पैसे व्हायला हवेत, ते झालेले नाहीत.

दहावीच्या पुस्तकात अशी समीकरणं सोडवताना सहगुणकांचा निश्चयक काढतात. पहिल्या जोडीत तो 2×2 − 1×1 = 3 येतो. दुसऱ्या जोडीत 2×2 − 1×4 = 0 येतो. म्हणजे निश्चयक शून्य येणं, एक ओळ दुसरीच्या पटीत असणं, उत्तरं अनेक असणं किंवा एकही नसणं, या सगळ्या एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. एक खरी असेल तर बाकीच्याही खऱ्या. लिनिअर अल्जिब्राच्या अभ्यासक्रमात ‘इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स थिअरम’ नावाचं जे प्रमेय असतं, ते नेमकं हेच सांगतं, फक्त दोनऐवजी कितीही समीकरणांसाठी. डेव्हिड ले यांच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात या प्रमेयाखाली एकदम बारा विधानं येतात आणि पुढच्या प्रकरणांत त्यांत आणखी भर पडते. मुलं ती यादी पाठ करतात आणि परीक्षेत मात्र पुन्हा निश्चयकच काढत बसतात. यादी खरी उपयोगी पडते ती हिशेब टाळण्यासाठी.

मॅट्रिक्सकडे यंत्र म्हणून बघितलं तर यादी समजायला सोपी जाते. यंत्रात दर घाला, बिलं बाहेर पडतात. दरांना x म्हणू, बिलांना b, आणि यंत्राला A. मग सगळं Ax = b एवढ्यात मावतं. बिलांवरून दरांकडे नेमकं परत येता आलं, तर A ला व्यस्त आहे, म्हणजेच A इन्व्हर्टिबल आहे. A मध्ये n ओळी आणि n स्तंभ असतील, तर पुढची सगळी विधानं एकत्र खरी किंवा एकत्र खोटी असतात:

१. A ला व्यस्त मॅट्रिक्स आहे.
२. Ax = 0 चं उत्तर फक्त x = 0.
३. A चे स्तंभ स्वतंत्र आहेत, म्हणजे कुठलाही स्तंभ बाकीच्यांपासून बनवता येत नाही.
४. कुठलाही b दिला तरी Ax = b ला उत्तर आहे.
५. ओळी सोडवत नेल्यावर n पिव्हट मिळतात, म्हणजे रँक n आहे.
६. A च्या ओळी स्वतंत्र आहेत.
७. निश्चयक शून्य नाही.
८. शून्य ही A ची आयगेनव्हॅल्यू नाही.

यातली दुसरी आणि चौथी अट नीट बघा. दुसरी सांगते की दोन वेगळ्या x पासून एकच b निघत नाही. चौथी सांगते की प्रत्येक b पर्यंत पोचता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मग त्या एकत्र का चालतात? वर्गात ४० मुलं आणि ४० खुर्च्या आहेत असं समजा. एका खुर्चीवर दोघं बसले नसतील, तर एकही खुर्ची रिकामी नसणार. एकही खुर्ची रिकामी नसेल, तर कुठेही दोघं बसलेले नसणार. पिव्हटचं तसंच आहे. प्रत्येक पिव्हट एक ओळ आणि एक स्तंभ अडवतो. n स्तंभांपैकी प्रत्येकाला पिव्हट मिळाला, म्हणजे उत्तर एकाहून अधिक नाही. n ओळींपैकी प्रत्येकीला मिळाला, म्हणजे उत्तर नक्की आहे. ओळी आणि स्तंभ सारखेच असल्यामुळे एक बाजू भरली की दुसरी आपोआप भरते. सगळं प्रमेय या मोजणीवर उभं आहे.

आता आयआयटी जॅमसारख्या परीक्षेत शोभेल असा एक प्रश्न घेऊ. त्या परीक्षेत काही प्रश्नांना एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, अर्धवट उत्तराला काही नाही. असा प्रश्न समजा:

A हा 3×3 मॅट्रिक्स आहे. त्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आहे. खालीलपैकी काय नेहमी खरं?
(अ) A ला व्यस्त नाही.
(ब) A च्या ओळी परस्परावलंबी आहेत.
(क) प्रत्येक b साठी Ax = b ला अनंत उत्तरं आहेत.
(ड) A² लाही व्यस्त नाही.

बरीच मुलं इथे नऊ अक्षरं मांडून निश्चयक उलगडायला घेतात. त्याऐवजी दिलेली माहिती Ax च्या भाषेत आणा. ओळीची बेरीज करणं म्हणजे त्या ओळीला (1, 1, 1) ने गुणणं. तीनही बेरजा शून्य, म्हणजे x = (1, 1, 1) घातला की Ax = 0. शून्य नसलेला एक व्हेक्टर शून्यात गेला, म्हणजे दुसरी अट मोडली. मग आठही मोडल्या. (अ) खरं, (ब) खरं. (ड) साठी A ने पुन्हा गुणा: A(Ax) = A0 = 0. तोच व्हेक्टर A² मध्येही शून्यात जातो, म्हणून (ड) खरं.

(ब) मध्ये प्रमेयाने किती काम वाचवलं, ते एका उदाहरणावर पाहू. या ओळी घ्या: (2, −5, 3), (7, 1, −8), (−4, −6, 10). प्रत्येकीची बेरीज शून्य आहे, त्यामुळे ओळी परस्परावलंबी आहेत हे ठरलं. पण नुसतं बघून ते दिसतं का? पहिलीला −38 ने, दुसरीला 32 ने आणि तिसरीला 37 ने गुणून बेरीज केली की शून्य येतं. पहिल्या स्तंभात पडताळा: −76 + 224 − 148 = 0. हे तीन आकडे शोधायला कागदावर चांगली चारपाच मिनिटं जातात. प्रश्नात ते विचारलेलेच नाहीत. असं काहीतरी नाते आहे एवढंच विचारलं आहे, आणि ती हमी यादीने दिली.

राहिला (क). बहुतेकांचे गुण इथे जातात. ‘व्यस्त नाही, म्हणजे अनंत उत्तरं’ असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण चौथी अट मोडली याचा अर्थ निदान एका b ला उत्तरच नाही. वरच्याच मॅट्रिक्समध्ये b = (1, 0, 0) घ्या. तिन्ही समीकरणांना −38, 32, 37 ने गुणून बेरीज केली, तर डावीकडे 0 आणि उजवीकडे −38 उरतं. उत्तर शक्यच नाही. b = (2, 7, −4) घेतला, तर x = (1, 0, 0) हे उत्तर आहे आणि त्यात (1, 1, 1) ची कुठलीही पट मिळवली तरी ते उत्तरच राहतं. म्हणजे काही b ना अनंत उत्तरं, काहींना एकही नाही. ९५ आणि १०० रुपयांच्या बिलांचीच ही गोष्ट. म्हणून (क) खोटं, आणि उत्तर अ, ब, ड.

उलट्या दिशेचा एक प्रश्नही नेहमी दिसतो. A² − 4A + 7I = 0 एवढंच दिलेलं असतं, A मधला एकही आकडा माहीत नसतो. A ला व्यस्त आहे का? पुन्हा दुसऱ्या अटीकडे जा. Ax = 0 असं धरा. मग A²x सुद्धा शून्य, 4Ax सुद्धा शून्य, आणि उरतं 7x = 0. म्हणजे x = 0. अट पाळली गेली, A ला व्यस्त आहे. इथे 7 नसता, तर हा मार्ग बंद होता. A² = A एवढंच दिलं असेल तर काहीच ठरत नाही: I सुद्धा ते समीकरण पाळतो आणि शून्य मॅट्रिक्ससुद्धा.

यादी कुठे चालत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिली गोष्ट, ओळी आणि स्तंभ सारखे नसतील तर यादी मिटून ठेवायची. 3×2 मॅट्रिक्सचे दोन्ही स्तंभ स्वतंत्र असू शकतात, पण दोन व्हेक्टरांनी तीन मितींची जागा व्यापत नाही. दोन मुलं, तीन खुर्च्या: एकही खुर्ची दोघांत वाटलेली नाही, तरी एक रिकामी राहणारच. प्रश्नात ‘स्क्वेअर’ किंवा n×n हा शब्द आहे का, ते आधी बघावं.

दुसरी गोष्ट, ‘एका b साठी उत्तर आहे’ यावरून काही सिद्ध होत नाही; b = 0 ला तर नेहमीच उत्तर असतं. पण ‘एका b साठी एकच उत्तर आहे’ असं म्हटलं असेल, तर पूर्ण यादी हाती आली. कारण शून्यात जाणारा एखादा v असता, तर x सोबत x + v हेही उत्तर झालं असतं. एका शब्दाने प्रश्नाचं उत्तर फिरतं.

तिसरी गोष्ट, डायगोनलायझेबल असणं या यादीत नाही. शून्य मॅट्रिक्स डायगोनल आहे, पण त्याला व्यस्त नाही. (1, 1) आणि (0, 1) या ओळींच्या मॅट्रिक्सला व्यस्त आहे, पण तो डायगोनलायझेबल नाही. पर्यायांमध्ये हा शब्द मुद्दाम पेरलेला असतो.

निश्चयक काढायची वेळ कधी येते? आकड्यांत k दिलेला असेल आणि ‘k च्या कोणत्या किमतीला व्यस्त नसेल’ असं विचारलं असेल, तेव्हा. एरवी प्रश्न वाचल्यावर आधी एवढंच शोधावं: या माहितीतून शून्यात जाणारा एखादा व्हेक्टर दिसतो का, किंवा असा व्हेक्टर असू शकत नाही असं दाखवता येतं का? ओळींची बेरीज शून्य असेल तर तो (1, 1, 1) आहे. पहिला आणि तिसरा स्तंभ मिळून दुसऱ्याची दुप्पट होत असेल, तर तो (1, −2, 1) आहे. AB = 0 असेल आणि B शून्य नसेल, तर B चा शून्य नसलेला कुठलाही स्तंभ तो आहे. तो सापडला, की यादीतल्या उरलेल्या सातही विधानांचा निकाल लागलेला असतो.