परदेशात पासपोर्ट चोरीला गेला, तर दूतावासाला काय लिहायचं?

पेण-रोह्याकडच्या बायकाही आता टूरबरोबर परदेशी जाऊ लागल्यात. तिथे पासपोर्ट चोरीला गेला, तर आपल्या दूतावासाला पत्र कसं लिहायचं, ते आज सांगतो.

समजा, पेणची एक ताई बँकॉकला गेली आणि बाजारात तिची पर्स चोरीला गेली. आधी पोलिसांत तक्रार. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे. तक्रारीच्या कागदावर ‘पर्स चोरीला’ एवढंच नको, पासपोर्टचा उल्लेख आणि नंबरही हवा. मग तो कागद घेऊन भारतीय दूतावासात जायचं.

तिथे नवा पासपोर्ट नाही, तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मागायचं. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, तेही एकदाच. दुसऱ्या देशात जाता येत नाही.

दूतावासाला एकच खात्री करायची असते: ही बाई खरंच भारतीय आहे आणि पासपोर्ट तिचाच होता. म्हणून पत्रात रडगाणं नको, माहिती हवी. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. मजकूर असा:

“माझं नाव (पासपोर्टवर आहे तसंच) अमुक, जन्मतारीख अमुक. माझा पासपोर्ट नंबर अमुक, मुंबईहून अमुक तारखेला मिळालेला. तो अमुक तारखेला, अमुक ठिकाणी चोरीला गेला. पोलिसांचा कागद सोबत आहे. माझं परतीचं विमान अमुक तारखेला आहे. भारतात परतण्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यावं, ही विनंती. इथला पत्ता व फोन, घरचा पत्ता व फोन.”

खाली सही. सोबत पासपोर्टची झेरॉक्स, आधार कार्ड, तिकीट आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो.

घोळ होतो तो नावात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि पत्रात सासरचं नाव, असं झालं की नोंद जुळत नाही आणि दिवस वाया जातात. सासरचं नाव सांगायचंच असेल, तर वेगळ्या ओळीत सांगा.

सर्टिफिकेट मिळालं तरी लगेच विमानतळावर धावू नका. थायलंडमध्ये आल्याचा शिक्का चोरीच्या पासपोर्टवर होता. म्हणून आधी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन ती नोंद नव्या कागदावर करून घ्यायची. त्यासाठी विमानाआधी वेळ राखून ठेवा.

मध्येच जुना पासपोर्ट सापडला, तरी वापरू नका. चोरीची नोंद झाली की तो रद्द होतो. घरी आल्यावर नव्या पासपोर्टसाठी ‘री-इश्यू’चा अर्ज करायचा. त्यालाही पोलिसांचा कागद लागतो, तो जपून आणा.

आणि निघण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा, फोटो रोह्याच्या बहिणीला किंवा गटातल्या मैत्रिणीला पाठवा. पर्सबरोबर फोनही गेला, तरी पत्रातला नंबर तिच्याकडून मिळेल.