वाक कुठे उलटतो?

फोमची हातभर लांब पट्टी घ्या आणि तिच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा ओढा. पट्टीचं एक टोक एका पुस्तकावर टेकवा. दुसरं पुस्तक दुसऱ्या टोकाच्या बरंच अलीकडे ठेवा, म्हणजे पट्टीचा थोडा भाग बाहेर मोकळा राहील. आता पूर्ण लांबीवर सारख्या अंतराने नाणी मांडा. दोन पुस्तकांच्या मधे पट्टीचं पोट खाली येतं आणि रेघा खालच्या बाजूला फाकतात. दुसऱ्या पुस्तकावर मात्र पट्टी पाठ वर काढते आणि रेघा वरच्या बाजूला फाकतात. या दोन भागांच्या मधे एक जागा अशी सापडते, की तिथल्या रेघा कुठेच फाकलेल्या नसतात. वाक उलटतो तो तिथे. अभियंते त्या जागेला पॉइंट ऑफ काँट्राफ्लेक्शर म्हणतात.

घराची गॅलरी पेलणारा बीम या पट्टीसारखाच असतो. दोन कॉलमवर टेकतो आणि एका बाजूने पुढे झुलता राहतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताणाला फार लवकर तडकतं. म्हणून रेघा फाकतात त्या बाजूला सळ्या हव्यात: खोलीच्या मधे खाली, गॅलरीकडच्या कॉलमवर वर. खालच्या सळ्यांचं काम कुठे संपतं आणि वरच्यांचं कुठे सुरू होतं, हे वाक उलटण्याच्या जागेवर ठरतं. म्हणून ती मोजून काढावी लागते.

एक बीम घेऊ. दोन कॉलममधलं अंतर ४ मीटर, गॅलरी २ मीटर पुढे. बीमवर सगळीकडे मीटरमागे २ टन भार, म्हणजे एकूण १२ टन. (अभियंते हे किलोन्यूटनमध्ये लिहितात, १ टन म्हणजे सुमारे १० किलोन्यूटन.) आधी प्रत्येक कॉलमच्या वाट्याला किती भार येतो ते काढू. गॅलरीकडच्या कॉलमला तराजूची दांडी टेकवण्याची जागा समजा. खोलीकडचे ८ टन त्याच्यापासून सरासरी २ मीटरवर आहेत, त्यांचा जोर १६. गॅलरीचे ४ टन पलीकडे सरासरी १ मीटरवर आहेत, त्यांचा उलटा जोर ४. उरले १२. ते ४ मीटर लांबच्या आतल्या कॉलमने सावरायचे, म्हणून त्याच्या वाट्याला ३ टन. बाकीचे ९ टन गॅलरीकडच्या कॉलमवर. गॅलरी पुढे झुकल्यामुळे आतला कॉलम इतका हलका झाला.

आता आतल्या कॉलमपासून बीमवरून चालत निघू. कोणत्याही ठिकाणी वाकवणारा जोर, म्हणजे बेंडिंग मोमेंट, काढायचा तर कॉलमचे ३ टन गुणिले चाललेलं अंतर धरा आणि त्यातून मागे टाकलेल्या भाराचा जोर वजा करा. तो भार अंतराच्या दुप्पट टन असतो आणि अर्ध्या अंतरावरून काम करतो, म्हणून त्याचा जोर अंतराच्या वर्गाइतका. थोडक्यात, अंतराची तिप्पट वजा अंतराचा वर्ग. ही वजाबाकी शून्य होते ३ मीटरवर. वाक तिथे उलटतो, गॅलरीच्या कॉलमच्या १ मीटर अलीकडे. शून्य ती सुरुवातीलाही आहे, पण ते बीमचं टोक. तिथे वाक उलटत नाही.

सगळ्यांत जास्त मोमेंट कुठे, हे शोधताना पदविकेची मुलं नेहमी एका ठिकाणी अडखळतात. मोमेंट शिखरावर येतो तो कातरबल, म्हणजे शिअर फोर्स, शून्यातून उलट दिशेला जातो तिथे. आपण ३ टन घेऊन निघालो, दर मीटरला २ टन सोडत गेलो, म्हणून दीड मीटरवर ते शून्य झालं. तिथला मोमेंट सव्वादोन टन-मीटर. मुलं इथेच उत्तराखाली रेघ ओढतात. पण कातरबलाचं चिन्ह आणखी एकदा बदलतं. गॅलरीच्या कॉलमपाशी पोचेपर्यंत ते उणे ५ असतं आणि कॉलमचे ९ टन मिळताच एकदम अधिक ४ होतं. त्या जागी गॅलरीच्या भाराचा मोमेंट आहे ४ टन आणि १ मीटर यांचा गुणाकार, म्हणजे ४ टन-मीटर. चिन्ह उलटं, पण आकडा जवळजवळ दुप्पट. या बीमची सर्वांत नाजूक जागा खोलीच्या मधे नाही, गॅलरीच्या कॉलमवर वरच्या अंगाला आहे. भार सगळीकडे सारखा असेल, तर गॅलरीची लांबी आतल्या गाळ्याच्या ०.४१४ पट झाली की दोन्ही मोमेंट बरोबरीला येतात. आपल्या बीमसाठी ती साधारण १.६६ मीटर. त्याहून आखूड गॅलरीला खोलीतला मोमेंट मोठा, लांब गॅलरीला कॉलमवरचा.

इथपर्यंतचा हिशेब पुस्तकात मिळतो. माझी खरी काळजी यापुढची आहे, कारण भार एका जागी बसून राहत नाही. आपल्या २ टनांतला १ टन बांधकामाचा कायमचा आणि १ टन माणसांचा, सामानाचा आहे असं धरू. गणपतीची मिरवणूक बघायला घरचे सगळे गॅलरीत आले आणि खोली रिकामी झाली. आता खोलीत मीटरमागे १ टन, गॅलरीत २. तोच हिशेब परत केला, तर आतल्या कॉलमवर फक्त १ टन येतो आणि वाक २ मीटरवरच उलटतो. मघाशी ज्या ३ मीटरवर मोमेंट शून्य होता, तिथे आता वरच्या अंगाला दीड टन-मीटर ताण देणारा मोमेंट आहे. उलट खोली भरलेली आणि गॅलरी रिकामी असेल, तर वाक साडेतीन मीटरवर उलटतो आणि खोलीतला मोमेंट तीन टन-मीटरच्या थोडा वर जातो. तेव्हा सर्वांत मोठा मोमेंट कॉलमवर नसून खोलीत असतो.

एका कामावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. नकाशात वरच्या सळ्या कॉलमच्या आत मीटरभर गेल्या होत्या, कारण हिशेब फक्त सगळीकडे सारख्या भाराचा केलेला होता. काही वर्षांनी बीमच्या वरच्या बाजूला, नेमक्या सळ्या संपत होत्या तिथे, आडवी चीर पडली. चीर कॉलमला लागून असती तर सळ्या कमी पडल्या किंवा काँक्रीट भरताना पायाखाली दबून खाली गेल्या असं म्हटलं असतं. मीटरभर आत पडलेली चीर लांबी कमी पडल्याचं सांगते.

म्हणूनच आयएस ४५६ हे भारतीय मानक शून्याच्या बिंदूवर सगळ्या सळ्या तोडू देत नाही. आधारावरच्या सळ्यांपैकी किमान एक तृतीयांश त्या बिंदूच्या पुढे न्याव्या लागतात. किती पुढे? बीमची प्रभावी खोली, सळईच्या व्यासाची १२ पट, आणि गाळ्याच्या मोकळ्या लांबीचा सोळावा भाग, यांतलं जे जास्त असेल तितकं. हा बिंदू भाराच्या सगळ्या मांडण्यांतला सर्वांत आतला धरायचा. आपल्या बीमची प्रभावी खोली ४० सेंटिमीटर असेल, तर त्या सळ्या गॅलरीच्या कॉलमपासून आत २.४ मीटर जायला हव्यात. शिवाय प्रत्यक्षात कॉलम आणि बीम एकत्र ओतलेले असतात, त्यामुळे आतल्या कॉलमवरही वरच्या अंगाला थोडा ताण येतो. तिथेही वरच्या सळ्या लागतातच.

तुमच्या घराचं काम चालू असेल, तर काँक्रीट भरण्याच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन वर जा. गॅलरीच्या बीममधल्या वरच्या सळ्या कॉलमपासून खोलीच्या बाजूला किती आत गेल्या आहेत ते मोजा, आणि तो आकडा गॅलरी माणसांनी भरलेली व खोली रिकामी धरून काढला आहे का, हे आपल्या अभियंत्याला विचारा.