गाडी माझी, चालवतात बाबा

दरवर्षी मार्चमध्ये सांगलीच्या आमच्या गाडीचा विमा मी इथून, इंग्लंडमधल्या रेडिंगहून, ऑनलाइन भरतो. यंदा फोनवर बाबा म्हणाले, "अरे, मला काही झालंच तर पंधरा लाख आहेतच की त्यात." म्हटलं, एकदा वाचून तरी बघू.

बाबा म्हणत होते ते 'ओनर-ड्रायव्हर'साठीचं वैयक्तिक अपघात संरक्षण. २०१८ पर्यंत ते दुचाकीला एक लाख आणि कारला दोन लाख इतकंच होतं. आता ते १५ लाख आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन हातपाय गेले, तर पूर्ण रक्कम मिळते. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेला तर निम्मी, म्हणजे साडेसात लाख. पाय मोडून महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं तर मात्र यातून एक रुपयाही नाही. ते काम मेडिक्लेमचं.

पण खरी मेख पुढे होती. अटीनुसार हे संरक्षण ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आणि पॉलिसी दोन्ही आहेत, आणि ज्याच्याकडे अपघाताच्या दिवशी चालू लायसन्स आहे, त्यालाच. आमची गाडी माझ्या नावावर! घेताना कागदपत्रं माझी दिली होती. म्हणजे पंधरा लाखांचं छत्र रेडिंगमध्ये बसलेल्या माझ्यावर, आणि रोज मिरजेला गाडी नेणारे बाबा त्याबाहेर. त्यात माझं भारतातलं लायसन्सही संपलेलं, म्हणजे मलाही उपयोग नाहीच. आम्ही दर वर्षी हप्ता भरत होतो आणि त्या अटीत दोघांपैकी एकही बसत नव्हता.

दुसऱ्या गाडीने धडक दिली तर त्या गाडीच्या विम्याकडून भरपाई मागता येते. पण बाबांची स्वतःचीच चूक झाली, गाडी झाडावर आदळली, तर तोही रस्ता बंद.

मग दोन गोष्टी केल्या. बाबांच्या नावावर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतली. ती गाडीला बांधलेली नसते, रस्त्यावर चालताना अपघात झाला तरी लागू होते. आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी त्यांच्या नावावर करायला घेतली. आरसी बदलल्यावर पॉलिसीवरचं नावही बदलायचंय, नाहीतर पुन्हा तोच घोळ. मालकाकडे १५ लाखांची अपघात पॉलिसी आधीच असेल, तर गाडीच्या विम्यात ती पुन्हा घ्यावी लागत नाही. त्यामुळे पुढच्या मार्चपासून तो हप्ताही वाचेल.

आईबाबांसाठी तुम्हीही तुमच्या नावावर गाडी घेतली असेल, तर आज त्यांच्याकडून तीन फोटो मागवा: आरसी, पॉलिसीचं पहिलं पान आणि लायसन्स. तिन्हींवर एकच नाव हवं, आणि लायसन्सची मुदत संपलेली नसावी. पॉलिसीत नॉमिनी कोण आहे, तेही बघा. आमच्या पॉलिसीत आईचं नाव होतं, पण तिला ते माहीतच नव्हतं.