तहान नसताना मांडायचा ठराव

पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधा, असं सरपंचाला गावाला पटवायचं असेल तर त्याने मे महिन्याची वाट पाहू नये. 1 मेच्या ग्रामसभेत विहिरी तळाला गेलेल्या असतात, लोक टँकरची वाट पाहून वैतागलेले असतात आणि पाण्याचा कुठलाही ठराव हात वर करून मंजूर होतो. पण फेरोसिमेंटची टाकी बांधली की तिच्या भिंतीवर निदान आठ-दहा दिवस पाणी मारावं लागतं. प्यायला पाणी नाही तिथे भिंतीवर कोण मारणार? नीट पाणी न मिळालेल्या गिलाव्याला बारीक तडे जातात आणि टाकी पहिल्याच वर्षी पाझरू लागते. म्हणून हे भाषण 26 जानेवारीच्या ग्रामसभेतलं. तेव्हा विहिरींना पाणी असतं, गवंडीही मिळतो, फक्त ऐकणाऱ्यांना तहान नसते. भाषणाची खरी परीक्षा तिथे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यावरची एक वाडी डोळ्यांपुढे आणू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि शिमगा झाला की डोक्यावर हंडे. बाहेरच्याला हे कोडं वाटतं, वाडीला नाही. जांभ्याच्या दगडात पाणी मुरतं, पण टिकत नाही. झऱ्यांतून, पऱ्ह्यांतून ते उतरून खाडीला मिळतं. विहीर आणखी खोल नेली तरी सगळीकडे पाणी लागेलच असं नाही. उभ्या केलेल्या या वाडीच्या सरपंचबाई बोलायला उठतात. धोरण, योजना, जागतिक तापमान यातलं काही त्या काढत नाहीत. थेट छपरावर येतात.

“एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं,” त्या सांगतात. “आपल्यातल्या साध्या घराचं छप्पर पन्नास चौरस मीटर धरा. कौलं शोषतात, थोडं उडतं, थोडं सांडतं, म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या. तरी वर्षाला एक लाख वीस हजार लिटर आपल्या पागोळ्यांतून अंगणात पडतं.”

आकडा मोठा आहे आणि इथेच पुष्कळ भाषणं घसरतात. लाखाचा आकडा ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे लाख लिटरची टाकी येते आणि ते मनातल्या मनात खर्चाला घाबरतात. सरपंचबाई लगेच दुसरा हिशेब मांडतात. पाच माणसांचं घर. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दहा लिटर, म्हणजे दिवसाला पन्नास. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत नव्वद दिवस धरले तर साडेचार हजार लिटर. पाच हजारांची टाकी पुरते. दोन मीटर व्यासाची आणि साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीची ही टाकी घराच्या कोपऱ्याला सहज बसते. भरायला किती पाऊस लागतो? सव्वाशे मिलिमीटर. जुलैत तेवढा दोन-तीन दिवसांत पडून जातो. अंघोळ, धुणं, गुरं यांचं पाणी या टाकीत नाही, हे त्या आधीच बजावतात. न बजावता मिळवलेला होकार उन्हाळ्यात शिव्या होऊन परत येतो.

मग प्रश्न सुरू होतात. मागून एक आबा म्हणतात, “बाई, दारात नळ आलाय. आता टाकी कशाला?” नळयोजनेला दोष देण्याचा मोह त्या आवरतात. “आबा, नळ ज्या विहिरीवरून येतो ती एप्रिलात किती तास चालते, ते तुम्हीच सांगा.” सभा हसते. पुढचा प्रश्न जास्त खोल आहे: सात-आठ महिने साठलेलं पाणी प्यायचं कसं?

याचं उत्तर टाकीच्या बांधणीत आहे. मोसमाच्या पहिल्या सरीत छपरावरची धूळ, पाचोळा, पक्ष्यांची घाण धुऊन येते. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. पन्हळीतून उतरणाऱ्या पाइपाला तळाशी बूच असलेला एक फाटा काढतात. शंभरेक लिटर तिथून वाया घालवायचं, मगच टाकीकडे वळवायचं. पावसात मोठा खंड पडला तर पुन्हा तसंच करायचं. टाकीला वरून पक्कं झाकण हवं, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पाणी आत येण्याच्या आणि जादा पाणी बाहेर पडण्याच्या तोंडांना बारीक जाळी हवी, नाहीतर डेंगीचे डास टाकीतच वाढतात. नळ तळापासून वीतभर वर, म्हणजे गाळ खाली राहतो. टाकीत कळशी कधीही बुडवायची नाही. एवढं पाळलं तर पाणी नासत नाही. चव मात्र सपक लागते, कारण त्यात जमिनीतले क्षार नसतात.

तरी खात्री हवीच. गावात पाणी तपासायची एच-टू-एस बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय धरायचा, म्हणजे ते पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यायचं. या बाटलीची गोष्ट सभेत सांगितलेली बरी. सगळं छान होईल असं म्हणणाऱ्यापेक्षा, बिघडलं तर कसं कळेल हे सांगणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात.

एवढं करूनही टाकी वाया जाते ती तड्याने किंवा जंतूंनी नव्हे, सवयीने. दिवाळीच्या सुमाराला विहिरीला पाणी असतं, पण टाकी दारात असते. भांडी घासायला, पाहुण्यांचे पाय धुवायला तिचाच नळ सुटतो आणि शिमग्याला टाकी रिकामी. म्हणून सरपंचबाईंची शेवटची मागणी कुलपाची आहे: गणपती गेल्यावर टाकी काठोकाठ भरलेली पाहायची, नळाला कुलूप लावायचं आणि किल्ली घरातल्या बाईकडे द्यायची. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांपुरती उरकली नाही, तर ही अट तिथूनच येते. हंडा जिच्या डोक्यावर आहे तिला मार्च दिसत असतो.

राहतो प्रश्न छपरांचा. काही घरं चाकरमान्यांची, वर्षभर बंद. मे महिन्यात मात्र माणसांनी भरलेली, म्हणजे ऐन टंचाईत तोंडं वाढतात. काहींचं छप्पर एवढं लहान की पन्हळ लावण्यात अर्थ नाही. शाळेचं किंवा समाजमंदिराचं छप्पर अशांसाठी वापरता येतं, आणि तिथली टाकी सार्वजनिक असल्याने ग्रामपंचायतीला निधीची वाट शोधणं सोपं जातं. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानात एक हिस्सा पिण्याचं पाणी आणि पर्जन्यजल संधारणासाठीच राखलेला होता. घरच्या टाकीला किती मिळेल, हे मात्र कागद हातात असल्याशिवाय बोलू नये. ‘सरकार देणार आहे’ हे एक वाक्य सभेत पडलं, की कोणी स्वतःच्या पैशाने वाळूची पाटीही उचलत नाही.

ठराव मंजूर होणं त्या मानाने सोपं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढेही जमले नाहीत तर तहकूब झालेली सभा पुन्हा भरते आणि तिला ती अट नसते. त्यामुळे मूठभरांच्या सहीनेही इतिवृत्त पूर्ण होतं. सरपंचबाई म्हणून ठरावात मोघम ‘टाक्या बांधाव्यात’ असं लिहू देत नाहीत. पहिल्या वर्षी कोणती दहा घरं, गवंडी कोण, फेब्रुवारीअखेर भिंत उभी राहिली की पाणी मारायची पाळी कोणाची, आणि पुढच्या मार्चमध्ये प्रत्येक टाकीत काठी बुडवून पाणी मोजायला कोण जाणार, ही नावं त्या सभेतच वाचून दाखवतात.